हॉल तिकीट कुठे अडतं?

परीक्षा आठवड्यावर आली की कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपुढे रांग लागते. रांगेतल्या बहुतेकांचं वाक्य एकच असतं: ‘सर, माझं हॉल तिकीट आलं नाही.’ खिडकीतून येणारं उत्तरही ठरलेलं असतं: ‘उद्या या.’ कॉलेजच्या परीक्षा समितीत मी बऱ्याच वेळा बसलो आहे. तिथे बसल्यावर लक्षात येतं की हॉल तिकीट हरवलेला विद्यार्थी क्वचितच सापडतो. ज्याचं ‘आलेलं नाही’, त्याचं बहुतेक वेळा तयारच झालेलं नसतं. परीक्षेच्या फॉर्मचा प्रवास सहा-आठ आठवडे आधी सुरू होतो, वाटेत कुठेतरी तो अडतो आणि त्याची वार्ता मात्र शेवटच्या आठवड्यात कळते. त्यामुळे ‘हॉल तिकीट कधी मिळेल’ हा प्रश्न कारकुनाला विचारून फारसं काही हाती लागत नाही. आपला फॉर्म कुठल्या टेबलावर अडलाय, हे विचारलं तर तो उत्तर देऊ शकतो.

विद्यापीठांचे पोर्टल वेगवेगळे, दर काही वर्षांनी बदलणारे. पण प्रवास सगळीकडे साधारण सारखाच आहे. आधी विद्यार्थी विद्यापीठाच्या खात्यात नोंदलेला असावा लागतो, म्हणजे त्याला कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात, तो मिळालेला असावा लागतो. मुंबई विद्यापीठात हा सोळा आकडी असतो आणि पहिले चार आकडे नोंदणीचं वर्ष सांगतात. मग विद्यार्थी विषय निवडून फॉर्म भरतो. मग फी भरतो. मग कॉलेज तो फॉर्म तपासून आपल्या लॉगिनमधून विद्यापीठाकडे पुढे ढकलतो; पुण्याकडे याला ‘इनवर्ड करणं’ म्हणतात. या चारही गोष्टी झाल्या की विद्यापीठ आसन क्रमांक देतं, आणि हॉल तिकीट म्हणजे त्या आसन क्रमांकाची छापील प्रत. पाचवी पायरी दिसत नसेल तर आधीच्या चारांपैकी एक सुटलेली असते.

कुठली सुटली, याचा अंदाज घरी बसूनही बांधता येतो. पहिली खूण वर्गमित्रांची. अख्ख्या वर्गाचंच हॉल तिकीट आलं नसेल तर दोष विद्यार्थ्याचा नाही. कॉलेजने फॉर्म पुढे पाठवलेले नाहीत, किंवा कॉलेजकडून विद्यापीठाला जायचं काहीतरी, बहुधा परीक्षा शुल्क, अजून पोचलेलं नाही. अशा वेळी एकेकट्याने खिडकीवर जाण्यात अर्थ नसतो. वर्गातल्या चारपाच जणांनी मिळून प्राचार्यांकडे गेलेलं बरं. वर्गातल्या सगळ्यांचं आलं आणि आपलंच नाही, तर पोर्टलवर लॉगिन करून स्वतःच्या फॉर्मची स्थिती बघायची. फॉर्म अर्धवट सेव्ह करून सोडलेला असतो, किंवा ‘सबमिट’ झालेला असतो पण फी ‘पेंडिंग’ दिसते, किंवा फी जमा होऊन कॉलेजची मंजुरी बाकी असते. लॉगिनमध्ये या परीक्षेचा फॉर्मच उघडत नसेल, तर गाडी पहिल्याच स्टेशनात उभी आहे असं समजायचं.

पहिल्या स्टेशनात अडकलेली मुलं बहुधा बाहेरून आलेली असतात: दुसऱ्या राज्यातून बारावी केलेली, किंवा दुसऱ्या विद्यापीठातून दुसऱ्या वर्षाला आलेली. त्यांचा प्रवेश सुरुवातीला तात्पुरता असतो. बोर्डाची मूळ गुणपत्रिका, मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला हे सगळं विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे जाऊन तिथून शिक्कामोर्तब व्हावं लागतं. याला सगळे ‘एलिजिबिलिटी’ म्हणतात. जुलैत प्रवेश घेतलेल्या मुलाला ‘मायग्रेशन आणून दे’ असं सांगितलेलं असतं, गावाकडून ते यायला दिवाळी उजाडते आणि तोवर फॉर्मची मुदत संपलेली असते. काही वेळा मध्ये एक वर्ष सुटलेल्या किंवा कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्याला नकळत दुसरा पीआरएन मिळतो. जुने निकाल एका क्रमांकावर आणि नवा प्रवेश दुसऱ्यावर, असं झालं की यंत्रणेच्या लेखी तो पहिल्या वर्षात न बसलेला माणूस ठरतो. हे दुरुस्त करायला वेळ लागतो, कारण दोन क्रमांक एकत्र करण्याचा अधिकार कॉलेजकडे नसतो. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या दिवशीच पावतीवरचा पीआरएन जुन्या गुणपत्रिकेशी ताडून बघावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगा टीवायबीकॉमला आहे. पाचव्या सत्राचे सगळे पेपर द्यायचे आहेत आणि चौथ्या सत्राचा एक विषय राहिला आहे, म्हणजे एटीकेटी. त्या पेपरच्या पुनर्मूल्यांकनासाठी त्याने अर्ज केलाय, आणि तीन-चार गुणांनीच गेल्यामुळे तो सुटेल अशी त्याला आशा आहे. पाचव्या सत्राचा फॉर्म तो वेळेत भरतो. एटीकेटीचा फॉर्म मात्र थांबवून ठेवतो. पेपर सुटलाच तर फीचे पैसे वाया का घालवायचे? सप्टेंबर जातो. नियमित शुल्काची मुदत संपते, मग विलंब शुल्काची, मग अतिविलंब शुल्काची. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येतो, ‘गुणांत बदल नाही’. परीक्षेला आठवडा उरलेला असताना त्याच्या हातात पाचव्या सत्राचं हॉल तिकीट असतं आणि चौथ्याचं नसतं. तो खिडकीवर येऊन सांगतो, ‘एक हॉल तिकीट मिसिंग आहे.’

दरवर्षी मुदतीत अडकणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा गट या मुलांचाच असतो, असं माझं निरीक्षण आहे. त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं ठरेल. मागच्या सत्राचा निकाल उशिरा लागतो, पुनर्मूल्यांकनाचा त्याहून उशिरा, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म मात्र ठरल्या तारखेला बंद होतो. विद्यापीठाच्या दोन विभागांची कॅलेंडरं एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचा भुर्दंड विद्यार्थी भरतो. पण तोडगा त्याच्याच हातात असतो: पुनर्मूल्यांकनाचा निकाल काहीही लागो, एटीकेटीचा फॉर्म नियमित शुल्कात भरून टाकायचा. पेपर सुटला तर फी बहुतेक वेळा परत मिळत नाही, हे खरं. तरीही ती अतिविलंब शुल्कापेक्षा आणि सहा महिन्यांपेक्षा स्वस्त पडते. अतिविलंबाची तारीखही उलटली, तर उरतो तो ‘विशेष बाब म्हणून’ केलेला अर्ज, आणि त्यासाठी कारण लागतं. ‘माझा पुनर्मूल्यांकनाचा निकाल अमुक तारखेला लागला, त्या आधीच मुदत संपली होती’ हे कारण लेखी आणि निकालाच्या प्रतीसह दिलं तर टिकण्याजोगं असतं, कारण त्यात उशीर विद्यापीठाचा आहे. ‘गावी होतो, कळलं नाही’ हे टिकत नाही.

फॉर्म वेळेत भरूनही फीच्या पायरीवर अडकणारे वेगळे. मुदतीच्या शेवटच्या रात्री पोर्टल रखडतो. मुलगा यूपीआयने पैसे देतो, खात्यातून रक्कम वजा होते, आणि पोर्टलवर ‘पेंडिंग’ असंच राहतं. इथे दोन गोष्टी घडलेल्या असू शकतात. पैसे विद्यापीठापर्यंत पोचले पण त्याचा निरोप पोर्टलला मिळाला नाही. तसं असेल तर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी हिशेब जुळल्यावर स्थिती आपोआप बदलते. किंवा व्यवहार मध्येच पडला आणि पैसे परत यायचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्याला केलेला असा फसलेला यूपीआय व्यवहार पाच दिवसांच्या आत आपोआप उलटायला हवा, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायला हवी. पैसे सहसा बुडत नाहीत. बुडते ती मुदत, कारण मुलगा पैसे परत येण्याची वाट बघत बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुदत अजून दोन-तीन दिवसांवर असेल तर थांबा. पोर्टलवर व्यवहार पुन्हा तपासण्याचं बटण असेल तर ते वापरा. पण आज शेवटची तारीख असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरा आणि फॉर्म पुरा करा. दुप्पट गेलेली फी नंतर मागता येते, गेलेली तारीख मागता येत नाही. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक मात्र लिहून ठेवा. बँकेच्या ॲपमधल्या ‘यशस्वी’च्या हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पुरेसा असतो असं मुलांना वाटतं. परीक्षा विभागाला त्यात फक्त एकाच गोष्टीत रस असतो, तो बारा आकडी व्यवहार क्रमांक. त्यावरून ते आपल्या यादीत शोधू शकतात.

आणि फॉर्म ‘भरला’ म्हणजे संपलं नाही. कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा असतो. पुष्कळ कॉलेजांत त्यासाठी फॉर्मची छापील प्रत सही करून खिडकीवर द्यावी लागते. मुलगा फॉर्म ऑनलाइन भरतो, फी भरतो, पीडीएफ फोनमध्ये ठेवतो आणि निर्धास्त होतो. प्रत न मिळाल्यामुळे कारकून त्याचा फॉर्म पुढे पाठवत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कॉलेजला फॉर्म पाठवायला विद्यार्थ्यांच्या मुदतीनंतर थोडे दिवस मिळतात, त्यामुळे इथे अडकलेला फॉर्म वेळीच लक्षात आला तर विद्यापीठाला काहीही न विचारता कॉलेजातच सुटतो. फी भरल्यानंतर आठवड्याभराने एकदा लॉगिन करून स्थिती बघणं, एवढंच त्यासाठी लागतं.

हॉल तिकीट आलं तरी ते वाचावं लागतं. त्यावर विषयांची यादी आणि त्यांचे संकेतांक असतात. ऐच्छिक विषय बदललेला असतो आणि छापलेला जुना असतो. मराठी माध्यमाऐवजी इंग्रजी पडलेलं असतं. किंवा सहापैकी पाचच पेपर दिसतात. ‘पेपरला बसू दिलं ना, मग झालं’ असं समजून मुलं हे सोडून देतात. पर्यवेक्षक बसूही देतो. पण यंत्रणेत त्या आसन क्रमांकासमोर तो विषय नसतो, त्यामुळे निकाल राखीव राहतो किंवा गैरहजर लागतो. मग लिहिलेली उत्तरपत्रिका आणि तो क्रमांक यांची गाठ घालायला महिने जातात. ही दुरुस्ती परीक्षेआधी कॉलेजच्या एका पत्राने होते.

पत्राचा विषय निघालाच आहे, तर इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. मुलं थेट विद्यापीठात जातात. मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पसरली आहे. सावंतवाडीचा मुलगा रात्रभर प्रवास करून कालिन्याला महात्मा ज्योतिराव फुले भवनात, म्हणजे परीक्षा भवनात पोचतो, आणि तिथे त्याला सांगतात, ‘कॉलेजचं पत्र आणा.’ ही टोलवाटोलवी नेहमीच नसते. संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्याचा फॉर्म विद्यापीठाकडे कॉलेजमार्फत आलेला असतो, त्यामुळे त्यातला बदलही कॉलेजनेच सांगावा लागतो. शिवाय कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या सुरुवातीच्या सत्रांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेत आलं आहे. अशा परीक्षेचं हॉल तिकीट अडलं तर कालिन्यात त्याचं उत्तर देणारं कुणी नसतंच. शेवटच्या वर्षाचा प्रश्न असेल तर आधी कॉलेजचं पत्र घ्यायचं, आणि कोकणातल्यांनी आधी रत्नागिरीच्या उपकेंद्रात चौकशी करायची.

कॉलेजकडे अर्ज देताना तो दोन प्रतींत द्यायचा. एक ऑफिसात जाते. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन आपल्याकडे ठेवायची. अर्जात रडगाणं नको. नाव, पीआरएन, वर्ग, सत्र, कुठला पेपर, फॉर्म केव्हा भरला, फी कुठल्या व्यवहार क्रमांकाने भरली, आत्ता पोर्टलवर काय दिसतं आणि काय हवं आहे, एवढंच. वर ‘प्राचार्यांमार्फत’ आणि खाली प्रति म्हणून ‘मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ’. शिक्का मारलेल्या या एका कागदाचा उपयोग पुढे होतो. विशेष बाब म्हणून मुदत मागायची वेळ आली तर ‘मी अमुक तारखेलाच कळवलं होतं’ याचा पुरावा तोच असतो. तोंडी ‘उद्या या’ला तारीख नसते.

दहावी-बारावीच्या पालकांना हा जाच निम्म्याने कमी आहे, कारण राज्य मंडळाने यातल्या बऱ्याच गोष्टी स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत. प्रवेशपत्रं शाळेच्या लॉगिनमध्ये येतात, शाळेने ती छापून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी द्यायची, आणि छपाईचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. उशिरा फॉर्म भरलेल्यांची प्रवेशपत्रं लॉगिनमध्ये वेगळ्या पर्यायाखाली असतात, म्हणून शाळेला कधीकधी ती ‘दिसत नाहीत’. नीट शोधायला सांगायचं. फोटो चुकला असेल तर नवा चिकटवून त्यावर मुख्याध्यापकांनी शिक्का-सही करायची. आणि प्रवेशपत्र खरंच हरवलं तर शाळेने पुन्हा छापून त्यावर लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून द्यायचं. त्यासाठी पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र वगैरे काही लागत नाही.

फीच्या थकबाकीसाठी हॉल तिकीट रोखून धरणं हा वेगळाच प्रकार. इथे फॉर्मचा प्रवास पुरा झालेला असतो, आसन क्रमांक पडलेला असतो, कागद कॉलेजच्या कपाटात असतो. परीक्षेचं शुल्क भरलेलं असताना शिकवणीच्या थकबाकीसाठी परीक्षाच अडवणं मला पटत नाही. वसुलीचे दुसरे रस्ते कॉलेजकडे असतात, निकालापर्यंत वेळही असतो. शिष्यवृत्तीच्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच चुकीचं. महाडीबीटीवरचा त्यांचा अर्ज अनेकदा कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडताळणीसाठी थांबलेला असतो, आणि त्यातून यायच्या रकमेसाठी हॉल तिकीट अडवलेलं असतं. अशा वेळी महाडीबीटीवर अर्ज नेमका कुठे आहे ते दाखवणारं पान छापून अर्जाला जोडावं. ‘संस्थेकडे प्रलंबित’ असं त्यावर दिसलं की खिडकीतला सूर बदलतो. ज्यांची थकबाकी खरीच आहे, त्यांनी हप्त्यांची तारीख लिहून दिलेलं हमीपत्र प्राचार्यांकडे न्यावं. बहुतेक कॉलेजं त्यावर हॉल तिकीट सोडतात.

आता ज्या यादीची मुलांना सर्वांत जास्त धास्ती असते, ती. मुंबईत तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ किंवा ‘ब्लॅकलिस्ट’ म्हणतात, इंजिनिअरिंगकडे ‘डिटेन्शन’. उपस्थिती पुरेशी नाही म्हणून टर्म नाकारली जाणार, अशा विद्यार्थ्यांची ती यादी. हॉल तिकीट अडण्यात चूक शोधायची असते. इथे हिशेब करायचा असतो.

नियम वाटतो तेवढा सोपा नाही. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशात दोन अटी आहेत: सगळे विषय मिळून सरासरी ७५ टक्के उपस्थिती, आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. टक्केवारी काढायची ती झालेल्या तासांवर. वेळापत्रकात लिहिलेल्या तासांवर नव्हे. प्राध्यापक रजेवर असल्याने झालेच नाहीत ते तास छेदात येत नाहीत. ही चूक कॉलेजकडून नकळत होते, कारण यादी करणारा माणूस वेळापत्रक समोर ठेवून आकडे भरतो.

मुलांच्या हातून सुटणारी गोष्ट वेगळी आहे. कमी पडलेली उपस्थिती भरून निघण्याचे दोन रस्ते आहेत आणि मुलं ते एकच समजतात. एक, जमा. कॉलेज किंवा विद्यापीठाच्या वतीने, प्राचार्यांच्या परवानगीने स्पर्धेला, शिबिराला, अभ्याससहलीला गेलात तर त्या दिवशी झालेले तास हजर म्हणून धरले जातात. तुम्ही मागता ती मेहेरबानी नसते, तो नियम आहे. दुसरा, माफी. आजारपण किंवा तसंच गंभीर कारण असेल तर प्राचार्य उपस्थितीत काही सूट देऊ शकतात. ‘देऊ शकतात’, दिलीच पाहिजे असं नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राने एकही तास वाढत नाही. ते फक्त विनंतीला आधार देतं, आणि कॉलेजला ते पडताळून बघण्याचा हक्क आहे. तरी यादी लागली की सगळे धावतात ते डॉक्टरकडे.

समजा, एक मुलगी कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. सत्रात सगळ्या विषयांचे मिळून २५० तास झाले. यादीत तिचे १६८ लागलेत, म्हणजे ६७.२ टक्के. ७५ टक्क्यांसाठी १८८ हवेत, वीस कमी. अर्थशास्त्रात ४० पैकी १८, म्हणजे ४५ टक्के, तिथेही ती अटीखाली. सत्रात मध्ये तिला डेंग्यू झाला होता, प्रमाणपत्र आहे, आणि तिचे वडील तेच घेऊन प्राचार्यांना भेटायला निघालेत.

त्याआधी तिने हिशेब करावा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ती चार दिवस बाहेर होती; त्या दिवशी तिच्या वर्गाचे रोज चार तास झाले. ते सोळा तास जमा व्हायला हवे होते. झाले नाहीत, कारण जिमखान्याचं पत्र क्रीडा शिक्षकांच्या टेबलावरून उपस्थिती समितीकडे गेलंच नाही. ते पोचलं की आकडा १८४ होतो, ७३.६ टक्के. त्या सोळांत अर्थशास्त्राचे तीन तास होते. तिथे २१ झाले, ५२.५ टक्के, एक अट सुटली. अजून चार तास कमी आहेत. सुरुवातीला ती ब तुकडीत होती, आठवड्याने अ तुकडीत आली. ब तुकडीच्या हजेरीपटात तिच्या सहा हजेऱ्या आहेत, ज्या नव्या पटावर आल्याच नाहीत. त्या धरल्या की १९०, बरोबर ७६ टक्के. डेंग्यूचं प्रमाणपत्र काढायची वेळच आली नाही. आणि ब तुकडीचा पट सापडला नाही, तरी मागायची सूट वीस तासांची उरत नाही. चार तासांची उरते. प्राचार्यांना चार तासांसाठी नाही म्हणणं जड जातं.

म्हणून सुनावणीला जाताना दयेचा अर्ज नंतर, आधी विषयवार तक्ता: झालेले तास, यादीतले हजर तास, जमा व्हायचे तास आणि त्याचा कागद. विषयवार आकडे कॉलेजने दाखवावेत अशी मागणी करायला कुणी घाबरू नये. एकूण टक्केवारीच्या एका आकड्यावरून कुणालाच, कॉलेजलाही, चूक सापडत नाही. महिन्याच्या महिन्याला कमी उपस्थितीची यादी लावावी असं मुंबईच्या नियमातच आहे. पहिल्या महिन्याच्या यादीत नाव दिसलं आणि चूक वाटली, तर तेव्हाच दाखवायची. जिमखान्याचं पत्र ऑगस्टमध्ये शोधणं सोपं असतं.

एवढं करूनही कॉलेज ऐकत नसेल तर कायद्याने तक्रारीची वाट आहे. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. पण समितीला अहवाल द्यायला पंधरा कामाचे दिवस असतात, आणि अंतिम यादी लागते तेव्हा परीक्षेला अनेकदा तेवढे दिवस उरलेलेही नसतात. समितीकडे जायचं असेल तर तात्पुरतं परीक्षेला बसू द्यावं आणि निकाल तक्रारीच्या निर्णयावर ठेवावा, ही मागणी त्याच अर्जात करायला हवी. उच्च न्यायालयात गेलेल्यांनाही साधारण असाच तात्पुरता दिलासा मिळू शकतो, पण मिळेलच असं नाही. शिक्षणसंस्थेच्या उपस्थितीच्या नियमात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये उपस्थिती कमी म्हणून परीक्षेला बसण्यापासून अडवू नये असा निकाल दिला, तो कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता. बीकॉमच्या मुलाने त्याची कात्रणं प्राचार्यांपुढे ठेवून उपयोग नाही.

टर्म नाकारली गेलीच, तर तिची गल्लत नापास होण्याशी करू नये. नापास झालेला विद्यार्थी पुढच्या परीक्षेला फॉर्म भरून थेट बसू शकतो, वर्गात यावं लागत नाही. टर्म नाकारलेल्याला ती टर्मच पुन्हा भरावी लागते: ते सत्र पुढच्या वर्षी जेव्हा चालेल तेव्हा पुन्हा प्रवेश, पुन्हा फी, पुन्हा हजेरी. आधी सुटलेले विषय मात्र सुटलेलेच राहतात, आणि आधीच्या सत्रातली एटीकेटी असेल तर तिच्या परीक्षेला या वर्षीही बसता येतं. त्यासाठी लागतो एक फॉर्म, तोही मुदतीत.